दुसऱ्या प्रकरणातली उसनी वाक्ये

मिगेल रोइग हे न्यूयॉर्कमधल्या सेंट जॉन्स विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. वाङ्मयचौर्यावरचा त्यांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी परीक्षेला बसवले ते प्राध्यापकांना. आधी एका शोधनिबंधातल्या परिच्छेदाची सहा वेगवेगळी रूपांतरे समोर ठेवून विचारले, यातली उचलेगिरी कोणती आणि प्रामाणिक मांडणी कोणती? उत्तरे एकमेकांशी जुळेनात. एकाला जी सरळ चोरी वाटली, ती दुसऱ्याला चालण्यासारखी वाटली. मग दुसऱ्या एका गटाला तोच परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले. ३० टक्क्यांपर्यंत प्राध्यापकांच्या लेखनात मूळ मजकुराचे तुकडे जसेच्या तसे उतरले होते.

अभ्यासाचा तिसरा भाग सगळ्यांत बोलका आहे. मानसशास्त्राच्याच प्राध्यापकांना रोइग यांनी एक तर तो अवघड परिच्छेद दिला, नाही तर तशाच विषयावरचा सोप्या भाषेतला दुसरा परिच्छेद. अवघड परिच्छेद वाट्याला आलेल्यांपैकी २६ टक्क्यांनी मूळ शब्द उचलले. सोपा परिच्छेद मिळालेल्यांत हे प्रमाण फक्त ३ टक्के निघाले. माणसे त्याच पेशातली आणि काम तेच, फरक होता तो मजकूर किती कळला याचा.

एम.एड. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधातले दुसरे प्रकरण, म्हणजे ‘संबंधित साहित्य व संशोधनाचा आढावा’, लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते. विषय समजा ‘कुमारवयीन विद्यार्थ्यांचे अध्ययन’ असा आहे. वाचायचे असते ते बहुतेक इंग्रजीत, तेही मेंदूविज्ञान, प्रेरणा, स्मृती आणि संख्याशास्त्राच्या परिभाषेत. लिहिणारी व्यक्ती दिवसभर नववीच्या वर्गावर शिकवून संध्याकाळी टेबलाशी बसलेली. वाक्य अर्धेमुर्धे कळलेले असते. ते पुरते न सोडता थोडे इकडेतिकडे करून उतरवणे हाच मार्ग तेव्हा सुरक्षित वाटतो. चोरी करण्याचा हेतू कुणाच्याही मनात नसतो. प्लॅगरिझम रिपोर्ट हातात पडला की मग धक्का बसतो.

रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन लेखन-अध्यापिकेने या प्रकाराला ‘पॅचरायटिंग’ हे नाव रूढ केले. मूळ वाक्य घ्यायचे, चार शब्दांच्या जागी त्याच अर्थाचे चार शब्द घालायचे, एखादा शब्दसमूह गाळायचा आणि उरलेला सांगाडा तसाच ठेवायचा. हॉवर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचे १८ संशोधनपर निबंध बारकाईने तपासले. त्यांतल्या एकाही निबंधात एखाद्या स्रोताचा सारांश सापडला नाही. संपूर्ण लेख काय म्हणतो हे आपल्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न कुणीच केला नव्हता. सगळ्यांनी लेखातली सुटी वाक्ये धरली होती. काहींनी ती बदलून लिहिली, काहींनी ठिगळे लावली, काहींनी जशीच्या तशी घेतली. एकेका वाक्यावरून लिहिणारा माणूस त्या वाक्याच्या भाषेला चिकटून राहतो आणि लेख समजून घेण्याची त्याला गरजही पडत नाही, असे या तिघींचे म्हणणे. अजाणता होणाऱ्या वाङ्मयचौर्याचे याहून नेमके निदान क्वचितच कुणी केले असेल.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका उदाहरणावर पाहता येईल. शैक्षणिक मानसशास्त्राच्या एखाद्या पुस्तकात पुढील परिच्छेद आहे असे समजू. परिच्छेद या लेखापुरता रचलेला आहे, त्यातला प्रयोग मात्र खरा आहे.

‘प्राथमिक शाळेतून पुढच्या शाळेत जाताना अनेक मुलांचे गणिताचे गुण घसरतात. ब्लॅकवेल, ट्रेझ्नेव्स्की आणि ड्वेक यांनी न्यूयॉर्कमधल्या सातवीच्या मुलांना बुद्धी प्रयत्नाने वाढते हे शिकवले, तेव्हा त्यांच्या गुणांची घसरण थांबली. केवळ अभ्यासाची कौशल्ये शिकलेल्या मुलांची घसरण मात्र सुरूच राहिली. म्हणून मुलाची स्वतःच्या बुद्धीविषयीची समजूत हा त्याच्या यशातला एक महत्त्वाचा घटक मानायला हवा.’

आता दुसऱ्या प्रकरणात हे असे उतरते:

‘प्राथमिक स्तरावरून पुढील स्तरावर प्रवेश करताना बऱ्याच विद्यार्थ्यांचे गणितातील गुण कमी होतात. ब्लॅकवेल, ट्रेझ्नेव्स्की व ड्वेक (२००७) यांनी न्यूयॉर्क येथील इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना बुद्धिमत्ता प्रयत्नांनी विकसित होते असे शिकवले, तेव्हा त्यांच्या गुणांतील घट थांबली; फक्त अभ्यासकौशल्ये शिकलेल्या विद्यार्थ्यांची घट मात्र चालूच राहिली. म्हणून विद्यार्थ्याची स्वतःच्या बुद्धिमत्तेविषयीची धारणा हा त्याच्या संपादणुकीतील एक महत्त्वाचा घटक मानणे आवश्यक आहे.’

वरवर पाहता यात काय चुकले? शब्द बदलले आहेत, संशोधकांची नावे आहेत, साल आहे. लिहिणाऱ्याला आपण सगळे नियम पाळले असेच वाटत असणार. पण दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचले की सांगाडा दिसतो. तीच विधाने, त्याच क्रमाने. ‘मात्र’ तिथेच, ‘म्हणून’ही तिथेच. ‘मुले’ची ‘विद्यार्थी’ झाली, ‘घसरण’ची ‘घट’ झाली आणि भाषा जरा सरकारी झाली, एवढाच फरक. आपल्याकडे बोजड शब्द वापरले की मजकूर आपोआप संशोधनपर झाला असे मानण्याची सवय आहे. या सवयीमुळे ठिगळे अधिकच सुबक दिसतात.

दुसरी चूक शेवटच्या वाक्यात लपली आहे. समजुतीला महत्त्वाचा घटक मानायला हवे, हे मत पुस्तकाच्या लेखकाचे आहे. नव्या परिच्छेदात त्या लेखकाचे नावच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला ते मत एक तर ब्लॅकवेल यांचे वाटेल, नाही तर प्रबंधकर्त्याचे स्वतःचे. शब्द बदलूनही विचार उचलला जातो तो असा, आणि कोणतेही सॉफ्टवेअर हे दाखवत नाही.

तिसरी चूक त्या कंसातल्या सालात आहे. प्रबंधकर्त्याने २००७ चा शोधनिबंध पाहिलेलाच नाही. त्याने वाचले ते पुस्तक आणि संदर्भ दिला शोधनिबंधाचा.

मूळ शोधनिबंध उघडला तर काय दिसते? ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात तो २००७ साली आला. त्यात दोन अभ्यास आहेत. पहिल्यात सातवीतल्या ३७३ मुलांच्या गणिताच्या गुणांचा दोन वर्षे मागोवा घेतला. शिकवण्याचा प्रयोग आहे तो दुसऱ्या अभ्यासात, आणि त्यात मुले होती ९१. त्यांपैकी ४८ प्रायोगिक गटात आणि ४३ नियंत्रित गटात. आठवड्याला २५ मिनिटांची एक अशा आठ तासिका झाल्या. अभ्यासाची कौशल्ये दोन्ही गटांना शिकवली होती, फरक होता तो बुद्धी वाढू शकते या धड्याचा. शाळा एकच, आणि मुले तुलनेने मागे पडलेली. आपल्या काल्पनिक पुस्तकातल्या सारांशात यातले जवळजवळ काहीही आलेले नाही. सारांशावरून सारांश लिहिणाऱ्याला ते मिळणार तरी कुठून?

हे तपशील हातात आल्यावर तोच मजकूर साधारण असा लिहिता येतो:

‘बुद्धीविषयीची समजूत बदलली तर गुणांवर परिणाम होतो का, हे ब्लॅकवेल व इतर (२००७) यांनी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत तपासले. सातवीतल्या ९१ मुलांचे दोन गट करून दोन्ही गटांना आठ तासिकांत अभ्यासाच्या पद्धती शिकवल्या. त्यांतल्या एका गटाला मेंदू आणि बुद्धी सरावाने घडत जातात, हेही शिकवले. गणितातली पीछेहाट थांबली ती या गटाची. मात्र प्रयोग एकाच शाळेत आणि आधीच मागे पडलेल्या मुलांवर झाला असल्याने, चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांबाबत तो काही सांगू शकत नाही.’

इथे मांडणीची सुरुवातच वेगळ्या जागी झाली आहे. पुस्तकाने गुणांच्या घसरणीपासून सुरुवात केली होती, इथे संशोधकांच्या प्रश्नापासून केली आहे. असे होते कारण प्रबंधकर्त्याला या प्रयोगातून स्वतःच्या विषयासाठी काहीतरी हवे आहे. शेवटचे वाक्य उघडपणे त्याचे स्वतःचे आहे. त्याला संदर्भ लागत नाही, आणि ते ब्लॅकवेल यांच्या तोंडी घातल्यासारखेही वाटत नाही. ‘प्रायोगिक गट’, ‘नियंत्रित गट’ असे परिभाषेतले शब्द बदलायचीही गरज नसते. ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. समानार्थी शब्दांच्या हौसेपोटी ‘नियंत्रित गटा’चा ‘ताब्यातला समूह’ केला, तर प्रबंध मौलिक होत नाही, हास्यास्पद मात्र होतो.

‘ब्लॅकवेल व इतर’ ही पद्धत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या, नियमावलीची. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रात बहुतेक ठिकाणी तीच चालते. तिच्या सातव्या आवृत्तीनुसार तीन किंवा अधिक लेखक असतील, तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच असे लिहायचे. सगळी नावे संदर्भसूचीत येतात. स्वतःच्या शब्दांत मांडणी केली तर लेखक आणि साल पुरते, पान क्रमांक दिला तर चांगलेच. शब्दशः उतारा घेतला तर पान क्रमांक द्यावाच लागतो, आणि उतारा ४० शब्दांचा किंवा त्याहून मोठा असेल तर तो अवतरणचिन्हे न देता वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून छापायचा. शब्दशः उतारा घ्यावा तो व्याख्या असेल किंवा शब्दयोजनेवरच चर्चा करायची असेल तेव्हा. प्रयोगाचे निष्कर्ष अवतरणचिन्हांत कोंबून भरलेला आढावा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, पण वाचवत नाही.

संदर्भ कुठे द्यायचा, यावरूनही बराच घोटाळा होतो. सहा वाक्यांचा परिच्छेद लिहायचा आणि शेवटी कंसात एक नाव टाकायचे, ही सर्वांत जास्त दिसणारी पद्धत. वाचकाला कळत नाही की सहाही वाक्ये त्या स्रोताची आहेत की फक्त शेवटचे. एपीएचा तोडगा साधा आहे. स्रोताचे नाव मांडणी सुरू होते तिथे पहिल्याच वाक्यात घ्यायचे. पुढची वाक्ये त्याच अभ्यासाबद्दल आहेत हे भाषेवरून स्पष्ट होत असेल, तर प्रत्येक वाक्याला कंस जोडायची गरज नाही. मध्येच दुसरा स्रोत आला किंवा आपले मत आले, तर तो बदल दिसला पाहिजे.

एकाच परिच्छेदात अनेक अभ्यास एकत्र येतात तेव्हा याची खरी कसोटी लागते. ब्लॅकवेल यांच्यानंतर या विषयावर बरेच काम झाले. सिस्क व इतर यांनी २०१८ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले आणि अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम फार थोडा असल्याचे दाखवले. येगर व इतर यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तासाभराहूनही कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमाने कमी गुण मिळवणाऱ्या मुलांच्या श्रेणीत ०.१० गुणांची वाढ झाली, असे त्यात आढळले. आता प्रबंधात ‘वाढीची मनोवृत्ती शिकवल्याने कुमारवयीन मुलांची संपादणूक सुधारते’ असे वाक्य लिहून पुढे एकाच कंसात तिन्ही संदर्भ ठेवले, तर वाक्य तिघांपैकी कुणाचेच राहत नाही. सिस्क यांच्या नावावर तर त्यांनी जे म्हटले त्याच्या जवळपास उलटे जाते.

त्याऐवजी असे लिहिता येते: एका शाळेतल्या छोट्या प्रयोगात परिणाम ठळक दिसला (ब्लॅकवेल व इतर, २००७), अनेक अभ्यास एकत्र घेतल्यावर तो क्षीण झाला (सिस्क व इतर, २०१८), आणि मोठ्या नमुन्यावर तो मागे पडलेल्या मुलांपुरता, लहान प्रमाणात, पुन्हा दिसला (येगर व इतर, २०१९). प्रत्येक कंस आपापल्या विधानाला चिकटलेला आहे. तीन अभ्यासांना असे एका ओळीत लावणे हे प्रबंधकर्त्याचे स्वतःचे काम आहे. ही ओळ कुठल्याही एका लेखात तयार मिळत नाही, त्यामुळे ती कुठून उचलली असण्याचा प्रश्नच येत नाही. ‘अमुक यांनी तमुक साली अमुक विषयावर संशोधन केले. निष्कर्ष पुढीलप्रमाणे’ या साच्यातल्या पन्नास नोंदी एकाखाली एक मांडलेली प्रकरणे आपल्याकडे ढिगाने लिहिली जातात. उसनी वाक्ये सर्वांत जास्त शिरतात ती याच साच्यात, कारण प्रत्येक नोंद म्हणजे कुठल्या तरी लेखाच्या गोषवाऱ्याचे रूपांतर असते.

हे सगळे लिहिताना घडत असले, तरी त्याची पेरणी कितीतरी आधी, टिपणे काढताना झालेली असते. मे महिन्यात लेख वाचताना त्यातली चार वाक्ये वहीत किंवा वर्ड फाइलमध्ये उतरवली. घाईत अवतरणचिन्हे टाकली नाहीत, पान क्रमांक लिहिला नाही. डिसेंबरात ती फाइल उघडली तेव्हा वाक्ये ओळखीची वाटली, भाषा बरी वाटली आणि ती आपलीच असावीत असा समज झाला. स्मरणशक्ती असा दगा खरोखर देते. ॲलन ब्राउन आणि डेना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात गटातल्या लोकांनी आळीपाळीने खेळ, वाद्ये अशा वर्गांतली नावे सांगायची होती. नंतर प्रत्येकाला आपण स्वतः कोणती सांगितली ते आठवायला लावले. काहींनी दुसऱ्याने सांगितलेली नावे आपली म्हणून सांगितली, आणि नवी नावे सुचवायला सांगितल्यावर गटात आधी येऊन गेलेलीच नवी म्हणून दिली. हे काही मिनिटांच्या अंतराने घडत असेल, तर सहा महिन्यांनंतरच्या टिपणांची काय कथा!

म्हणून टिपणातच तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. शब्दशः घेतलेले ते अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. आपल्या शब्दांत मांडलेले ते वेगळ्या खुणेने. आणि वाचताना मनात आलेला विचार किंवा शंका तिसऱ्या खुणेने. रंग वापरा, अक्षरे वापरा, वहीची डावी-उजवी बाजू वापरा. खूण कोणती हे महत्त्वाचे नाही, ती प्रत्येक टिपणावर असली म्हणजे झाले. इंग्रजी लेखातून मराठी टिपण काढताना ते वाक्याचे भाषांतर आहे की स्वतःचा सारांश, याचीही नोंद तिथेच करावी. नंतर ते सांगता येत नाही.

स्वतःच्या शब्दांत मांडणी करताना मूळ मजकूर डोळ्यांसमोर नसलेला बरा. लेख वाचून बंद करायचा. मग कोरड्या प्रश्नांची उत्तरे लिहायची: प्रश्न काय होता, कोणावर तपासला, काय केले, काय आढळले, कुठे लागू होत नाही. उत्तर सुचत नसेल तर लेख कळलेला नाही, पुन्हा वाचावा. वाक्यांची उलटापालट करून हा प्रश्न सुटत नाही. लिहून झाले की मूळ लेख उघडून दोन गोष्टी ताडायच्या. आकडे आणि अर्थ बरोबर आले का, आणि नकळत एखादा लांब शब्दसमूह तसाच उतरला का. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. लेख बंद करून लिहिले म्हणजे आपण सुटलो, असे त्यांना वाटते. चांगली स्मरणशक्ती असलेल्यांना इथेच धोका जास्त.

न वाचलेल्या लेखाचा संदर्भ देण्याबद्दलही थोडे. ही सवय फक्त आपल्याकडची नाही. मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २००३ साली ती मोठ्या गमतीशीर रीतीने उघडी पाडली. पदार्थविज्ञानातल्या १९७३ च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधाचा उल्लेख सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता. त्यांतल्या १९६ ठिकाणी खंड, पान किंवा सालाची चूक होती. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५, आणि एकच चूक तब्बल ७८ जणांनी केली होती. इतक्या लोकांच्या हातून तोच आकडा स्वतंत्रपणे चुकणे शक्य नाही. त्यांनी तो एकमेकांच्या संदर्भसूचीतून उतरवला होता. यावरून या दोघांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा लोक मूळ लेख वाचतात.

कुमारवयीन अध्ययनाच्या आढाव्यात यामुळे आणखी एक गोंधळ होतो. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग फार प्रसिद्ध आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा त्यावर स्वतःची चाचणी घेतली, तर आठवड्याने जास्त लक्षात राहते, असे त्यात आढळले. शालेय मुलांविषयीचा पुरावा म्हणून तो हमखास दिला जातो. प्रत्यक्षात तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. सहावीच्या वर्गात, नेहमीच्या समाजशास्त्राच्या तासांना, चाचण्यांचा परिणाम तपासणारा रोडिगर आणि सहकाऱ्यांचा वेगळा शोधनिबंध २०११ चा आहे. मूळ लेखाचे पहिले पान उघडले असते तरी ही चूक टळली असती. मूळ लेख मिळतच नसेल, तर ज्या पुस्तकात वाचले त्याचा प्रामाणिक उल्लेख करावा: ‘ब्लॅकवेल व इतर (२००७), अमुक (२०१५) मध्ये उद्धृत’. संदर्भसूचीत मग फक्त वाचलेले पुस्तक येते. असे संदर्भ पाच-सहा असतील तर चालतात. प्रकरणभर असतील तर गाईडने प्रश्न विचारायला हवा.

आता टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक नियम २०१८ साली लागू झाले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून प्रबंध पुन्हा द्यायचा, ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेले उतारे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळल्या जातात. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द, सलग १४ पर्यंत, धरू नयेत अशीही तरतूद आहे.

या दोन आकड्यांभोवती संशोधकांत चमत्कारिक समजुती तयार झाल्या आहेत. १० टक्के म्हणजे उचलण्याचा परवाना, ही पहिली. २०० पानांच्या प्रबंधात ८ टक्के म्हणजे १६ पाने होतात. ती विखुरलेल्या परिभाषेची असू शकतात, तशीच दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून सलग उतरवलेलीही असू शकतात. आकडा दोन्हींचा सारखाच. सलग १३ शब्द घेतले की सुटलो, ही दुसरी समजूत. १४ शब्दांची सूट योगायोगासाठी आहे. दर बाराव्या शब्दाला एक शब्द बदलत पानभर मजकूर नेला तर त्याला योगायोग कोण म्हणेल? सॉफ्टवेअर जुळणाऱ्या अक्षरांच्या रांगा शोधते. कोणता विचार कुणाचा, हे त्याला विचारून उपयोग नाही.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. इंग्रजी लेखाचे वाक्यावाक्याने केलेले मराठी भाषांतर साम्य तपासणीत सहसा सापडत नाही, आणि रिपोर्ट ४ टक्क्यांचा येतो. एपीएची याबाबतची भूमिका समजून घ्यावी अशी आहे. परभाषेतला उतारा स्वतः भाषांतरित केला, तर तो शब्दशः उतारा धरला जात नाही, स्वतःच्या शब्दांतली मांडणी धरली जाते. म्हणून अवतरणचिन्हे लागत नाहीत, लेखक आणि साल मात्र द्यावेच लागतात. संदर्भ दिला तर भाषांतर नियमात बसते. संदर्भ न देता केलेले भाषांतर ही चोरीच, मग रिपोर्ट काहीही म्हणो. आणि नियमात बसले तरी भाषांतरित वाक्यांची माळ म्हणजे आढावा नव्हे, ही हॉवर्ड यांची तक्रार तिथेही उरतेच.

‘शोधगंगे’वर आता जुने प्रबंध कुणालाही पाहता येतात. त्यामुळे एका प्रबंधातले इंग्रजी अभ्यासाचे मराठी सारांश दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात असे सरकत जाण्याची सोय झाली आहे. आधीच्या संशोधकाने भाषांतरात केलेली चूकही त्याबरोबर पुढे जाते. अशा वेळी श्रेय द्यायचे ते त्या मराठी प्रबंधाला, कारण वाचला तो. इंग्रजी लेखाचे नाव तिथे परस्पर टाकता येत नाही.

प्रबंध सादर करण्याआधी रिपोर्ट काढतातच. त्यासोबत आणखी एक काम करावे. दुसऱ्या प्रकरणातले कोणतेही तीन परिच्छेद निवडावेत, त्यांतल्या प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख शेजारी उघडावा आणि ओळ न् ओळ ताडून पाहावी. एखादा लेख उघडता आला नाही, तर तो संदर्भ कुठून आला हे आठवून तिथे ‘मध्ये उद्धृत’ लिहावे. गाईडनी व्हायवाच्या आधी एवढी तपासणी स्वतःसमोर करून घेतली, तरी बरीच ठिगळे वेळेत दिसतील.